शेवटच्या ओळीतलं माप

उद्धवरावांबद्दल लिहायचं तर आधी हे सांगून टाकते की मी त्यांच्या बाजूची आहे. मला तटस्थ वगैरे राहता येत नाही. काळेवाडीत वाढलेय, बाप तीस वर्षं पिंपरीत मशीनवर उभा होता, कामाच्या माणसावर खोटा आळ आला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि या प्रकरणात थोडी चूक माझीही आहे, तीही सांगणार आहे.

चाकणला आमची कंपनी. गाड्यांसाठी लोखंडी हब बनवतो आम्ही, मधोमध पस्तीस मिलीमीटरचं भोक असलेले. ते भोक बरोबर आहे का हे बघणारा माणूस म्हणजे उद्धवराव. देहूकडचे. चोवीस वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून लागले, लेथवर शिकले, मग तपासणीला आले. कंपनीने त्यांना चौदा नंबरचा शिक्का दिला होता. तो शिक्का ज्या पेटीच्या कागदावर बसला ती पेटी बाहेर जायची, नाही बसला तर जायची नाही. सकाळी सात ते तीन एकच शिफ्ट होती त्या लाइनला, आणि त्या लाइनवर दुसरा तपासणारा नव्हता.

त्यांचं काम बघायला मला आवडायचं. पीस हातात आला की लगेच मोजायचे नाहीत. पुसून ठेवायचे आणि म्हणायचे, "गरम हाय अजून. थंड होऊ दे." मशीनमधून निघालेला पीस गरम असतो, गरम लोखंड फुगलेलं असतं, माप मोठं दाखवतं. नव्या पोरांना घाई असते. उद्धवराव पंधरा मिनिटं थांबायचे, तोवर गेज, म्हणजे भोक मोजायचं साधन, पुसायचे, हात धुऊन यायचे. एकदा मी म्हटलं, "काका, देवपूजेला बसल्यासारखं करताय तुम्ही." तर म्हणाले, "पूजेत चुकलं तर देव माफ करंल. ह्यात चुकलं तर कुणाचं तरी चाक निघंल."

दर तासाला एक पीस. सातला पहिला, आठला दुसरा, असं करत दोनला आठवा. आणि तीनला, मशीन बंद होताना, शेवटचा. शेवटचा पीस सगळ्यात महत्त्वाचा, कारण दिवसभर कापून कापून टूलची धार झिजलेली असते. धार झिजली की भोक बारीक होत जातं. कुठे बिघडलं तर बहुतेक तिथेच बिघडतं. म्हणजे तास आठ आणि मापं नऊ. हा हिशोब नीट लक्षात ठेवा, कारण आमच्या अख्ख्या ऑफिसच्या तो लक्षात राहिला नाही.

गणराज आमच्याकडे आला तेव्हा डिप्लोमा करून नुकताच बाहेर पडलेला. राहायला जागा नव्हती. उद्धवराव त्याला घरी घेऊन गेले, चार महिने तो देहूला त्यांच्याकडे होता. सुभद्राबाई, म्हणजे काकू, दोन डबे भरायच्या, एक नवऱ्याचा आणि एक याचा. गेज कसं धरायचं, हाताला किती जोर द्यायचा, मापात शंका आली तर काय करायचं, सगळं उद्धवरावांनी शिकवलं. हुशार होता, नाही म्हणणार नाही. पाच वर्षांत क्वालिटी इंजिनीअर झाला. कॉम्प्युटर चांगला यायचा, म्हणून रोजचा रिपोर्ट आपोआप तयार करणारा मॅक्रो, एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम, त्यानेच लिहिला. उद्धवराव सगळ्यांना सांगत फिरले होते, "आमच्या गणाने लिव्हलाय त्यो." जणू पोराला नोकरी लागली.

मी त्याच विभागात डेटा बघते. पूर्वी उद्धवराव कागदावर मापं लिहायचे आणि मी ती एक्सेलमध्ये भरायचे. वर मथळ्याची ओळ, खाली नऊ मापं आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, "तपासणाऱ्याची सही". त्या सहीच्या ओळीत आकडा नसायचा, म्हणून गणराजने मॅक्रोमधल्या लूपला, म्हणजे एकेक ओळ वाचत जाणाऱ्या भागाला, सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या ओळीपासून सुरू कर आणि शेवटच्या ओळीच्या एक आधी थांब. शेवटची ओळ वजा एक. तेव्हा ते अगदी बरोबर होतं.

गेल्या जानेवारीत नवं गेज आलं. कॉम्प्युटरला जोडलेलं, पीस लावला की माप थेट फाइलमध्ये जातं. उद्धवरावांचं लिहिणं गेलं, माझं भरणं गेलं. आणि सहीची ओळही गेली, कारण यंत्र कुठे सही करतंय. फाइलमध्ये आता मथळा आणि नऊ मापं, बस. पण लूपमधलं ते वजा एक तसंच राहिलं. ते सहीची ओळ सोडायचं, आता शेवटचं माप सोडायला लागलं. तीन वाजताचा पीस रोज मोजला जात होता, रोज फाइलमध्ये जात होता आणि रोज रिपोर्टमधून गळत होता. अकरा महिने. कुणाला कळलं नाही, कारण रिपोर्टच्या आलेखात मापांचे आठ ठिपके दिसायचे आणि आठ तासांची शिफ्ट. माणूस बघतो आणि म्हणतो, बरोबर आहे. मीही रोज बघत होते आणि मलाही बरोबर वाटत होतं.

नोव्हेंबरमध्ये गिऱ्हाइकाकडून माल परत आला. एका दिवसाच्या शेवटच्या तासाचे हब, भोक बारीक, बेअरिंग बसेना. मोठं प्रकरण झालं. आमच्या क्वालिटी हेड मिनल मॅडमनी त्या दिवसाचा रिपोर्ट काढला. आठ मापं, आठही पास. तीन वाजताचं माप नाही. शनिवारी उद्धवरावांना नोटीस, शेवटचा पीस न तपासता माल सोडला.

उद्धवराव सांगत होते, "मॅडम, मोजलाय मी. बारीक आला म्हणूनशान त्या तासाच्या ट्रॉलीला लाल टॅग लावला. त्यावर शिक्का न्हाई मारला. गणराजला विचारा, टॅग त्यालाच दावला व्हता." लाल टॅग म्हणजे माल थांबवायची खूण. तो काढायचा अधिकार इंजिनीअरलाच. गणराजला विचारलं. तो म्हणाला, टॅग आठवत नाही. आणि उद्धवराव, देवमाणूस, आम्हालाच समजावत होते, "पोराच्या डोक्याला शंभर कामं असत्यात. इसरला असंल."

सोमवारी मॅडमनी मला त्या दिवसाचा सगळा डेटा काढायला सांगितला. मी रिपोर्ट न बघता गेजच्या कॉम्प्युटरवरची मूळ फाइल उघडली. दहा ओळी. मथळा आणि नऊ मापं. मी बोट लावून दोनदा मोजल्या. पस्तीस पॉइंट शून्य सोळापासून सुरू झालेलं माप उतरत उतरत दोन वाजता पस्तीस पॉइंट शून्य शून्य तीनवर आलं होतं आणि तीन वाजून अठरा मिनिटांनी चौतीस पॉइंट नऊ नऊ सहा. पस्तीसच्या खाली चालत नाही. म्हणजे माणसाने मोजलं होतं, नापास आलं होतं आणि तो जे सांगत होता ते शब्द न् शब्द खरं होतं.

मग मॅक्रो उघडला. बदलायचा पासवर्ड गणराजकडे होता पण वाचता येत होता. ते वजा एक बघितलं आणि मला हसूच आलं, इतकी साधी गोष्ट होती. मी माझ्या कॉपीत ते काढलं आणि चालवून बघितलं. नऊ मापं आली. मग जानेवारीच्या आधीची एक जुनी फाइल घेतली, तर सहीच्या ओळीवर अडकला, कारण तिथे आकडा नाही, नाव आहे. म्हणून एक अट घातली, आकडा असेल तरच ओळ घे, नसेल तर सोड. आता जुनी फाइलही चालली आणि नवीही. अर्ध्या तासाचं काम.

आता माझी चूक. मी मॅडमकडे जायला हवं होतं. मी गणराजकडे गेले. म्हटलं, मॅक्रो त्याचा आहे, त्याच्या तोंडून गेलं तर बरं दिसेल, उगाच माझ्याकडून चहाडी कशाला. त्याला स्क्रीनवर सगळं दाखवलं. त्याने ओळी स्वतः मोजल्या. मग म्हणाला, "श्रद्धा, थँक्यू. चूक माझी आहे, मीच मॅडमना सांगतो. काकांसाठी एवढं तरी मला करू दे." मला भरून आलं, खरंच सांगते. जाताना उद्धवरावांना कँटीनशी गाठलं आणि म्हटलं, "काका, काळजी करू नका. काय चुकलंय ते सापडलं. गणराज बोलतोय मॅडमशी." ते म्हणाले, "मला ठाऊकच व्हतं, त्यो हाय म्हणल्यावर." मंगळवारपासून तीन दिवस मी जालन्याला मावसबहिणीच्या लग्नाला गेले. तिथे मजेत नाचले मी, डोक्यात काही नव्हतं.

शुक्रवारी आले तर गेजपाशी दुसराच माणूस. उद्धवराव पॅकिंगला, पुठ्ठ्याच्या खोक्यांना पट्ट्या मारत बसलेले. शिक्का काढून घेतला होता. मी गेल्यावर सोमवारी संध्याकाळी चौकशीचं पत्र निघालं होतं, बुधवारी चौकशी झाली, ठपका ठेवला आणि आणखी सहा महिन्यांनी रिटायर होणारा माणूस चोवीस वर्षांच्या नोकरीवर "निष्काळजी" असा शेरा घेऊन जाणार होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. जणू मीच फसवलं. 

चौकशीचा कागद मागून वाचला. त्यात एक आलेख लावला होता. सोमवारपर्यंत रोज आठ ठिपके. मंगळवारपासून नऊ. खाली लिहिलं होतं, चौकशी लागल्याचे कळल्यानंतर तपासनीसाने शेवटचा पीस मोजायला सुरुवात केल्याचे दिसते, यावरून तो पूर्वी मोजत नव्हता हे सिद्ध होते. आलेख सादर करणार, गणराज.

मला ते दोनदा वाचावं लागलं. त्याने मंगळवारी लूप दुरुस्त केला होता. माझीच दुरुस्ती, माझीच अट, जशीच्या तशी. आणि कुणाला न सांगता. दुरुस्तीच अशी वापरली की निर्दोष माणूस गुन्हेगार दिसावा. वजा एक तसंच ठेवलं असतं तरी काका आजच्यापेक्षा बरे राहिले असते. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं, आणि केस मी पुरवला होता.

गणराजच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. आवाज चढला होता, आजूबाजूचे बघत होते, बघू दे म्हटलं. "तू सांगणार होतास ना?"

"दुरुस्त केलं ना मी? इथून पुढे प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला.

"पुढचं नाही विचारत मी. मागचं विचारतेय. तो लाल टॅग कोणी काढला?"

त्याने आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "मीच काढला, आणि ट्रॉलीतला माल आधीच शिक्का बसलेल्या पेट्यांत भरायला सांगितला. रिपोर्टमध्ये आठच्या आठ पास होते, श्रद्धा. मला वाटलं काकांचं वय झालंय, चुकून लावला असेल. आता मॅक्रोचं सांगितलं असतं तर मॅक्रो माझा, टॅग मी काढलेला, दोन्ही माझ्याच गळ्यात. माझी अख्खी नोकरी पुढे आहे. काकांचे सहाच महिने राहिलेत. ते सांभाळून घेतील."

"त्यांना विचारलंस, सांभाळून घेता का म्हणून?"

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तिथे भांडून काही होणार नव्हतं. मी जागेवर आले आणि कामाला लागले.

गेजच्या कॉम्प्युटरवर जानेवारीपासूनच्या सगळ्या मूळ फाइली होत्या. काकांच्या दोनशे छप्पन्न शिफ्टच्या. दुरुस्त केलेला लूप मी त्या प्रत्येक फाइलवर चालवला. दोनशे छप्पन्नच्या दोनशे छप्पन्न दिवशी नऊ मापं आली. एकही दिवस आठ नाही. पाऊस असो, सणाच्या आदला दिवस असो, बस चुकायची वेळ झालेली असो, या माणसाने तीनचा पीस थंड करून मोजला होता. शेवटचं माप एकाही दिवशी सव्वातीनच्या आधीचं नव्हतं. आणि मॅक्रोच्या फाइलवर शेवटच्या बदलाची वेळ होती, मंगळवार, सकाळी दहा चाळीस. बदल करणाऱ्याचं नावही होतं.

सगळं घेऊन मॅडमकडे गेले. मिनल मॅडम कडक आहेत, पण आकडा समोर ठेवला की ऐकतात. त्यांनी एक फाइल माझ्यासमोर स्वतः उघडली, ओळी मोजल्या, मग आणखी चार उघडल्या. मग चौकशीचा कागद पुढे ओढला. म्हणाल्या, "मी सही केलीय गं त्या कागदावर." दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, बैठक लावली.

मॅडम, गणराज, मी आणि उद्धवराव. ते पॅकिंगमधून तसेच आले होते, बाहीला चिकटपट्टीचा तुकडा लागलेला. मी स्क्रीनवर सगळं दाखवलं. जुनी फाइल, सहीची ओळ, नवी फाइल, वजा एक. उद्धवरावांना कॉम्प्युटर फारसा येत नाही, पण समजायला काही अडलं नाही. म्हणाले, "म्हंजे माझी सही गेली, आन् तिच्या जागी माझं माप उडाया लागलं." मॅडम म्हणाल्या, "बरोबर, उद्धवराव. तुमची काही चूक नाही. ठपका मागे घेतेय, शेराही काढतेय. सोमवारपासून गेजवर या."

मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी मॅडमचं ऐकलं की नाही कुणास ठाऊक, ते स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघत होते. मला विचारलं, "पोरी, ही दुरुस्ती कवाची?"

"मंगळवारची, काका."

"आन् चौकशी बुधवारी."

"हो."

मग ते गणराजकडे वळले. आवाज जराही चढला नाही. "म्हंजे बुधवारी तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला व्हतास, तवा तुला ठाऊक व्हतं. मी मॅडमला म्हणालो, पोर इसरलं असंल. तवाबी तुला ठाऊक व्हतं."

गणराजचे डोळे भरले. "काका, चुकलं माझं. मी घाबरलो होतो." तो उठून पाया पडायला वाकला. उद्धवरावांनी पाय मागे घेतले. रागाने नाही, गेजला धक्का लागू नये म्हणून आपण हात मागे घेतो तसे. म्हणाले, "लूपातलं चुकलं, ते चुकलं म्हण. मशीन चुकतं, माणूस चुकतो. बुधवारचं चुकलं म्हणू नगंस. ते तू केलंस."

गणराजला कंपनीने लेखी समज दिली आणि मॅक्रोचं काम माझ्याकडे दिलं. तो अजून आहे. नोकऱ्या अशा जात नाहीत. लोक चार दिवस कुजबुजले आणि मग दुसरा विषय निघाला. सुभद्राकाकूंना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, असं उद्धवरावांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं. आपल्या हाताने भरलेले डबे त्यांना आठवत होते म्हणे.

उद्धवराव सोमवारी गेजवर आले. हात धुतले, पीस थंड केला, मोजला. मला बरं वाटलं, म्हटलं, झालं एकदाचं सगळं पहिल्यासारखं.

साडेतीनला ते माझ्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत ते कधी ऑफिसात आले नव्हते, बोलवल्याशिवाय. दारातच चपला काढल्या. म्हणाले, "आजची मापं कागदावर छापून दे. नऊच्या नऊ. आन् खाली तुझी सही कर."

मी म्हटलं, "काका, आता लूप मी बघतेय ना. रोज तपासते. एकही ओळ सुटणार नाही, माझ्यावर सोडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर मी सहन केला असता. "तू चांगली हायस," ते म्हणाले. "पण त्योबी चांगला व्हता. कागद दे."

मी छापून दिलं आणि सही केली. त्यांनी उभ्यानेच एकेक ओळ बोटाने मोजली, नऊपर्यंत, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. तेव्हापासून ते रोज साडेतीनला येतात आणि मी रोज सही करून देते.